पान 94 वरचे वाक्य: प्रबंधातल्या एका आकड्याचा माग

वाक्य अगदी साधे होते. ‘देशातील महिलांचा श्रमशक्तीतील सहभाग 2017-18 मध्ये 17.5 टक्के होता. 2022-23 मध्ये तो 37 टक्क्यांवर गेला, म्हणजे पाच वर्षांत दुपटीहून अधिक वाढला (भारत सरकार, 2023).’ महिलांच्या विनावेतन कामावरचा प्रबंध, तिसरे प्रकरण, पान 94. या एका वाक्यावर विद्यार्थिनीने पुढची सहा पाने उभी केली होती. ही वाढ एवढी मोठी कशी झाली, ग्रामीण भागात काय बदलले, घरगुती उद्योगातला हातभार मोजणीत कसा येऊ लागला, असे सगळे विवेचन त्यात होते. विवेचन चांगले होते. मी अडखळले ते कंसापाशी.

वाक्यात दोन वर्षांचे आकडे आहेत आणि दोन्हींसाठी संदर्भ एकच, 2023 चा. हे अशक्य नाही, कारण नव्या अहवालात जुन्या वर्षांचे आकडे तुलनेसाठी दिलेले असतात. पण मग ‘भारत सरकार’ म्हणजे नेमके कोण? संदर्भसूचीत ‘भारत सरकार, 2023’ या नावाने तीन नोंदी होत्या आणि तिन्हींपुढे अ, आ, इ असे काहीच नव्हते. त्यातली जी नोंद या वाक्याची असावी असे वाटले, ती नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या, म्हणजे पीएलएफएसच्या, अहवालाची होती:

```
Government of India (2023). PLFS Report. www.mospi.gov.in
```

या नोंदीवरून सांख्यिकी मंत्रालयाचे मुखपृष्ठ उघडते. तिथे शेकडो दस्तऐवज आहेत. परीक्षकाला हा आकडा पडताळायचा असेल, तर ही नोंद त्याला दारापर्यंत नेते आणि तिथेच सोडून देते.

तिला बोलावले. “हा 17.5 तू कुठे पाहिलास?”

“अहवालात, मॅडम.”

“कुठल्या पानावर?”

ती गप्प झाली. मग प्रामाणिकपणे म्हणाली, “अहवाल मी उघडला नव्हता. 17.5 एका लेखात मिळाला, 37 बातमीत. दोन्हीकडे ‘पीएलएफएस’ लिहिले होते, म्हणून संदर्भ अहवालाचा दिला.”

हे सांगायला धीर लागतो. हे करणारी ती एकटी नव्हती, म्हणूनच मी हे प्रकरण लिहून ठेवते आहे. तिला वाटत होते की आकडा सरकारी आहे, म्हणून संदर्भही सरकारी दिला की झाले. उलट बातमीचा संदर्भ दिला तर परीक्षक नाक मुरडतील, ही भीती होतीच. आम्ही दोघींनी त्या दुपारी दोन्ही आकड्यांचा माग काढायचे ठरवले.

37 चा माग सोपा निघाला. बातमीतल्या तारखेवरून पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर मंत्रालयाचे 9 ऑक्टोबर 2023 चे प्रसिद्धीपत्रक सापडले. पीएलएफएसचा 2022-23 चा वार्षिक अहवाल प्रसिद्ध झाल्याचे ते पत्रक. त्यात एक छोटा तक्ता आहे आणि त्याच्या डोक्यावर लिहिले आहे की हे दर 15 वर्षे व त्यावरील व्यक्तींचे, ‘नेहमीच्या स्थिती’नुसार आहेत. नेहमीची स्थिती म्हणजे सर्वेक्षणाच्या आधीच्या 365 दिवसांचा विचार करून ठरवलेली माणसाची कामाची स्थिती. महिलांच्या ओळीत 2022-23 पुढे 37.0 होते. तिने समाधानाचा श्वास सोडला.

मी म्हटले, “त्याच ओळीत मागे जा.”

मागे 2021-22 साठी 32.8, 2020-21 साठी 32.5, 2019-20 साठी 30.0, 2018-19 साठी 24.5. आणि अगदी सुरुवातीला, 2017-18 साठी, 23.3.

म्हणजे ज्या तक्त्यातून 37 आला, त्याच तक्त्यात 2017-18 चा आकडाही बसलेला होता, आणि तो 17.5 नव्हता. तिने फक्त शेवटचा रकाना उचलला होता, तोही बातमीतून. तक्ता स्वतः पाहिला असता तर ही चूक तिथेच उघडी पडली असती.

मग 17.5 आला कुठून? यासाठी 2017-18 चा मूळ वार्षिक अहवाल उघडावा लागला. त्यात दोन्ही आकडे निघाले. सर्व वयोगट मिळून महिलांचा श्रमशक्ती सहभाग दर 17.5 टक्के, आणि 15 वर्षे व त्यावरील महिलांसाठी 23.3 टक्के. दोन्ही बरोबर, दोन्ही त्याच अहवालातले, दोन्ही नेहमीच्या स्थितीनुसार. फरक भाजकाचा. सर्व वयोगट धरले की लहान मुलीही भाजकात येतात. त्या काम करत नाहीत आणि शोधतही नाहीत, म्हणून दर खाली येतो. तिने पहिल्या वर्षासाठी लहान मुलींसकट मोजलेला दर घेतला होता आणि शेवटच्या वर्षासाठी त्यांना वगळून मोजलेला.

हिशेब करून पाहिला. तिच्या वाक्यात वाढ होती 19.5 टक्केबिंदूंची. एकाच वयोगटाचे दोन दर घेतले की वाढ उरते 13.7 टक्केबिंदू. ‘दुपटीहून अधिक’ हे शब्द गेले, 23.3 वरून 37.0 म्हणजे दीडपटीपेक्षा थोडी जास्त. वाढ आहेच, आणि ती मोठीही आहे. पण तिच्या सहा पानांतला जवळपास एक तृतीयांश आश्चर्याचा भाग वयोगटांच्या गोंधळातून आलेला होता.

सरकारी सर्वेक्षणातला दर कधीच नुसता दर नसतो. त्याला निदान तीन चिठ्ठ्या चिकटलेल्या असतात: कोणता वयोगट, कोणत्या व्याख्येने मोजला (नेहमीची स्थिती की गेल्या सात दिवसांवरून ठरणारी चालू साप्ताहिक स्थिती), आणि कोणता कालावधी. मूळ तक्त्यात या तिन्ही चिठ्ठ्या शीर्षकातच असतात. आकडा एका हातातून दुसऱ्या हातात गेला की त्या गळून पडतात, कारण बातमीच्या मथळ्यात त्यांना जागा नसते. म्हणूनच दुय्यम स्रोतातून आकडा घेताना तो चुकीचा नसला तरी अर्धवट असू शकतो.

आता तो लेख. तिच्याकडे त्याची छायाप्रत होती, म्हणून आम्ही तोही काढला. लेखकाने 17.5 अगदी बरोबर दिला होता आणि तळटीपेत ‘सर्व वयोगट’ असे स्पष्ट लिहिले होते. तळटीप तिने वाचली नव्हती. त्यामुळे या चुकीचा दोष लेखाकडे जात नाही. पण त्याच लेखाच्या संदर्भसूचीत एक गंमत होती. तिथे अहवालाची नोंद होती ‘एनएसएसओ, 2018’ अशी; एनएसएसओ म्हणजे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण कार्यालय. आणि आमच्या विद्यार्थिनीच्या दुसऱ्या प्रकरणात, एका वेगळ्या वाक्यापुढे, नेमके तसेच छापले होते: ‘एनएसएसओ, 2018’.

अहवाल हातात घेतला तर मुखपृष्ठावर नाव आहे ‘राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय’, म्हणजे एनएसओ, आणि महिना मे 2019. केंद्रीय सांख्यिकी कार्यालय आणि राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण कार्यालय यांचे विलीनीकरण करून एनएसओ करण्याचा निर्णय त्याच महिन्यातला. 2018 मध्ये हा अहवाल प्रसिद्धच झालेला नव्हता. जानेवारी 2019 मध्ये एका दैनिकाने अप्रकाशित अहवालातला 6.1 टक्के बेरोजगारीचा आकडा छापला, त्यावरून मोठा गदारोळ झाला, आणि अधिकृत अहवाल मेच्या शेवटी आला. त्या मधल्या चार महिन्यांत लिहिणाऱ्याकडे खरा संदर्भ एकच होता, तो म्हणजे बातमी. लेखकाने बातमीवरून अहवालाच्या नोंदीचा अंदाज बांधला असावा, आणि तो अंदाज आता दुसऱ्याच्या प्रबंधात वारसाहक्काने उतरला होता.

अनुभवी परीक्षक न वाचलेला स्रोत ओळखतात तो असा. सगळे अहवाल त्यांना पाठ नसतात. पण एकच चुकीचे वर्ष, एकच चुकीचे नाव किंवा एकच चुकलेला पृष्ठक्रमांक दोन ठिकाणी दिसला की कोणी कोणाचे उतरवले ते कळते. बरोबर संदर्भ दोघांचा सारखा असणे स्वाभाविक आहे. चूक सारखी असण्याला एकच कारण असते.

नोंद दुरुस्त करायला बसलो तेव्हा पहिला प्रश्न लेखकाचा. ‘भारत सरकार’ लिहिण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. ती चूक म्हणता येणार नाही. काही विद्यापीठांच्या नियमावलीत ती चालते. पण प्रबंधात केंद्र सरकारचे वीस अहवाल असतील तर वीसही नोंदी एकाच नावाखाली जमतात आणि मग 2023अ, 2023आ यांची रांग लागते. संदर्भ देण्याच्या एपीए शैलीच्या सातव्या आवृत्तीचा मार्ग मला जास्त उपयोगी वाटतो. ज्या सर्वांत नेमक्या कार्यालयाने अहवाल तयार केला, ते लेखक; त्याच्या वरचे मंत्रालय प्रकाशकाच्या जागी. दोन्ही एकच असतील तर प्रकाशक वगळायचा. आमची नोंद अशी झाली:

```
National Statistical Office. (2019). Annual report: Periodic
Labour Force Survey (PLFS), July 2017–June 2018. Ministry of
Statistics and Programme Implementation, Government of India.
```

कार्यालयाचे नाव मात्र प्रत्येक वेळी हातातल्या अहवालाच्या मुखपृष्ठावरूनच घ्यायचे, आधीच्या नोंदीवरून नाही. नावे बदलतात, विलीन होतात, कधी परतही येतात. 2011-12 च्या रोजगार सर्वेक्षणाचा, म्हणजे 68 व्या फेरीचा, अहवाल क्रमांक 554 जानेवारी 2014 चा आहे आणि त्यावर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण कार्यालय हेच नाव आहे. सूची एकसारखी दिसावी म्हणून त्याच्यावर एनएसओचे नाव चढवले, तर त्या नावाने शोधणाऱ्याला तो सापडणार नाही. असा क्रमांक अहवालाला असेल तर शीर्षकानंतर तोही द्यावा. ग्रंथालयात आणि संकेतस्थळावर बरेचदा त्यावरूनच अहवाल हाती लागतो.

दुसरा प्रश्न वर्षाचा. नोंदीतल्या कंसात येते ते प्रकाशनाचे वर्ष, सर्वेक्षणाचे नाही. सर्वेक्षणाचा कालावधी शीर्षकात असतो आणि तिथून तो गाळायचा नसतो. ती सुरुवातीला कंसात 2018 लिहिणार होती, कारण “आकडे तेव्हाचे आहेत ना!” चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे उदाहरण मी तिला दाखवले. सर्वेक्षण 2015-16 चे, अहवाल 2017 चा. लेखक म्हणून आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि आयसीएफ यांची नावे येतात, आरोग्य मंत्रालयाचे नाही, जरी सर्वेक्षण मंत्रालयासाठी झालेले असले तरी. अशा अहवालांत आत कुठेतरी, बहुधा मुखपृष्ठाच्या मागच्या पानावर, संदर्भ कसा द्यावा हे त्यांनीच छापलेले असते. ते मिळाले की आपल्या शैलीत बसवून घ्यावे आणि पुढे जावे.

तिसरा प्रश्न पृष्ठाचा, आणि त्यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. शेकडो पानांच्या अहवालातल्या एका आकड्यासाठी नुसते ‘(2019)’ पुरत नाही. या मालिकेतल्या अहवालांत मजकुराच्या मध्ये येणाऱ्या छोट्या तक्त्यांना ‘स्टेटमेंट’ म्हणतात आणि परिशिष्टातल्या मोठ्या तक्त्यांना ‘टेबल’. दोन्हींना वेगवेगळे क्रमांक असतात; स्टेटमेंट 5 आणि टेबल 5 या दोन निराळ्या गोष्टी. परिशिष्टाची पाने स्वतंत्र क्रमाने, A-1, A-2 अशी चालतात. पीडीएफ वाचणाऱ्या पडद्यावर वर दिसतो तो पान क्रमांक फाइलचा असतो, छापील पानाचा नाही, आणि दोघांत बरेच अंतर असू शकते. तिने आधी फाइलचा क्रमांक टिपला होता. छापील क्रमांकच द्यायचा, आणि तक्त्याचा क्रमांक तर द्यायचाच, कारण पाने हलली तरी तक्त्याचे नाव हलत नाही.

मराठी प्रबंधाची एक अडचण इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये सापडत नाही. तिने मजकुरात ‘(राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय, 2019)’ लिहिले आणि सूचीत मूळ इंग्रजी शीर्षक रोमन लिपीत ठेवले. वाचक सूचीत ‘रा’ खाली शोधणार आणि नोंद ‘एन’ खाली बसलेली. शीर्षकाचे मराठीकरण करून सूचीत घालणे हा उपाय नाही, कारण त्या नावाचा दस्तऐवज अस्तित्वातच नाही. तो मराठीत प्रसिद्ध झाला असेल तरच मराठी शीर्षक द्यायचे. आम्ही इंग्रजी स्रोतांसाठी मजकुरातला कंसही रोमनमध्येच ठेवायचे ठरवले. डोळ्यांना थोडे खटकते. पण नोंद सापडते.

मग तिने विचारले, “मॅडम, प्रसिद्धीपत्रकाचा संदर्भ दिला तर चालणार नाही का? आकडा तर तिथेच आहे.” चालेल, जर तिने तेवढेच पाहिले असेल तर. पत्रक हा स्वतंत्र दस्तऐवज आहे. त्याचा लेखक मंत्रालय, तारीख पूर्ण (दिवस-महिना-वर्षासह), आणि प्रसिद्ध करणारे पत्र सूचना कार्यालय. पत्त्यातला `PRID` क्रमांक हीच त्याची ओळख, म्हणून पत्ता अर्धवट तोडायचा नाही. पण पत्रकात निवडक आकडे असतात आणि अहवालात व्याख्या, नमुन्याची रचना, सापेक्ष प्रमाण त्रुटी हे सगळे असते. ज्या आकड्यावर सहा पाने उभी आहेत त्याच्यासाठी अहवालच हवा. एका ओळीत येऊन जाणाऱ्या आकड्यासाठी पत्रक पुरे. आणि उद्या तिने सर्वेक्षणाची एकक-स्तरीय माहिती उतरवून घेऊन एखाद्या वयोगटाचा दर स्वतः काढला, तर संदर्भ अहवालाचा नाही, त्या माहितीसंचाचा द्यायचा आणि खाली ‘गणना संशोधिकेची’ असे लिहायचे. कारण तो आकडा अहवालात कुठेच नसेल.

यापुढे खरा दुय्यम स्रोत आला. पहिल्या प्रकरणात तिने महिलांच्या स्थितीविषयीच्या समितीच्या 1974 च्या अहवालातला एक परिच्छेद अवतरणचिन्हांत दिला होता, पुढे ‘(समिती, 1974, पृ.)’ आणि एक क्रमांक. या अहवालाची, ‘टुवर्ड्स इक्वालिटी’ची, मूळ प्रत ग्रंथालयात होती. त्या पानावर ते वाक्य नव्हते. तिथे वेगळ्याच विषयाचा मजकूर होता. हा परिच्छेद तिने एका पुस्तकातून घेतला होता आणि पृष्ठक्रमांकही त्याच पुस्तकातल्या तळटीपेतून. अहवालाचे पुढे पुनर्मुद्रणही झालेले आहे आणि पुस्तकाच्या लेखिकेने बहुधा तेच वापरले असावे. तिच्या सूचीत पुनर्मुद्रणाचे वर्ष असेल. आमच्या विद्यार्थिनीने वर्ष मूळ प्रतीचे लावले आणि पान पुनर्मुद्रणाचे ठेवले.

अशा वेळी दोनच प्रामाणिक रस्ते असतात. एक, मूळ शोधून ते वाक्य स्वतः वाचायचे आणि हातातल्या प्रतीचे वर्ष व पान द्यायचे. दोन, मूळ मिळत नसेल तर दुय्यम स्रोत उघडपणे सांगायचा. दुसऱ्या रस्त्याची रीत शैलीनुसार थोडी बदलते, पण तत्त्व एकच. मजकुरात दोघांचीही नावे, म्हणजे ‘(समिती, 1974, क्ष, 2005 मधून उद्धृत)’ अशा रूपात. इथे क्ष म्हणजे ज्या पुस्तकात आपण वाचले त्याची लेखिका. एपीएनुसार सूचीत मात्र फक्त क्षची नोंद येते, समितीची नाही, कारण सूची ही आपण वाचलेल्या गोष्टींची असते. इथे विद्यार्थी हटकून गडबडतात. दोन्ही नोंदी घालून सूची भारदस्त करण्याचा मोह होतो, आणि परीक्षकाला वाटते की मूळ अहवाल वाचला आहे.

माझे स्वतःचे मत थोडे कडक आहे. ‘मधून उद्धृत’ हे शेवटचे साधन आहे. प्रबंधात ते चार-पाच वेळा आले तर समजू शकते: मूळ दुर्मीळ आहे, वाचता न येणाऱ्या भाषेत आहे, किंवा कुठे तरी बंद अभिलेखागारात आहे. पण पीएलएफएसचा अहवाल फुकट उतरवून घेता येत असताना ‘मधून उद्धृत’ लिहिणे म्हणजे आळसाची जाहीर कबुली. टुवर्ड्स इक्वालिटीची प्रत दोन मजले खाली होती. तिने जाऊन शोधली. परिच्छेद एका वेगळ्याच प्रकरणात सापडला, आणि पुस्तकात गाळलेले एक वाक्यही. त्या गाळलेल्या वाक्यात समितीने आपल्या विधानाला मर्यादा घातली होती. तिने ते वाक्य परत आणले आणि स्वतःचा निष्कर्ष अर्ध्या ओळीने सौम्य केला.

शेवटी वेबपान. चौथ्या प्रकरणात तिने महिलांच्या सहभागाची इतर देशांशी तुलना केली होती आणि त्यासाठी जागतिक बँकेच्या संकेतस्थळावरचा आलेख वापरला होता. तिने नोंदवलेले आकडे त्या दिवशी पानावर नव्हते. ती घाबरली. “मी चुकीचे उतरवले का?” नाही. त्या पानावरची मालिका आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या प्रतिमानित अंदाजांची आहे. नवी सर्वेक्षणे आली की संघटना अंदाज पुन्हा काढते आणि मग मागच्या वर्षांचे आकडेही बदलतात. पत्ता तोच, शीर्षक तेच, आकडे वेगळे. छापील अहवालाच्या बाबतीत हे होत नाही. वेबपानाच्या संदर्भात पाहिल्याची तारीख लागते ती यासाठी. सगळ्याच पानांना ती लागते असे नाही. एपीएच्या मते आशय बदलत राहणारे आणि जतन न झालेले पान असेल तरच. तारीख छापलेले प्रसिद्धीपत्रक किंवा पीडीएफ अहवाल असेल तर तारखेची गर्दी नको. तिच्या सूचीत उलटेच होते: प्रत्येक पीडीएफपुढे पाहिल्याची तारीख, आणि ज्या एका पानाला ती हवी होती तिथे काही नाही.

नव्या नोंदीत आम्ही निर्देशकाचा सांकेतिक क्रमांक आणला. जागतिक बँकेकडे याच नावाची दुसरी मालिकाही आहे, राष्ट्रीय अंदाजांची, जिचा क्रमांक `SL.TLF.CACT.FE.NE.ZS` आहे. दोन्ही मालिका वेगळे आकडे दाखवतात आणि नावात फक्त शेवटचा कंस बदलतो. त्यामुळे क्रमांक दिला नाही तर वाचक नेमकी चुकीची मालिका उघडण्याची शक्यता असते.

```
World Bank. (n.d.). Labor force participation rate, female
(% of female population ages 15+) (modeled ILO estimate)
[Data set]. Retrieved March 4, 2024, from
https://data.worldbank.org/indicator/SL.TLF.CACT.FE.ZS
```

तारीख दिली तरी त्या तारखेला पानावर काय होते हे परीक्षकाला दिसत नाही. म्हणून जोडीला आणखी दोन गोष्टी केल्या. तिथून उतरवलेल्या सीएसव्ही फाइलमध्ये वरच्या ओळींत `Last Updated Date` असते. ती फाइल न बदलता तशीच ठेवली आणि तिची तारीख तक्त्याखालच्या टिपेत लिहिली. आणि प्रबंधातल्या बाकीच्या स्थिर वेबपानांसाठी `https://web.archive.org/save` वर पत्ता देऊन प्रत जतन केली. जतन झालेल्या पत्त्यात मधोमध चौदा अंक येतात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. ही वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार असते, म्हणून रात्री उशिरा जतन केलेल्या पानावर कधी आदल्या दिवसाची तारीख दिसते. गोंधळायचे कारण नाही. मात्र क्लिक केल्यावर बदलणारे आलेख आणि डॅशबोर्ड तिथे नीट साठत नाहीत. जतन झाले असे समजून चालू नये, नवा पत्ता उघडून पाहावा. तिच्या एका राज्य सरकारी डॅशबोर्डची जतन झालेली प्रत उघडली तेव्हा नुसती रिकामी चौकट आली. तिथे तिने पडद्याचे छायाचित्र परिशिष्टात लावले, तारखेसह.

तुटलेल्या दुव्यांची गोष्ट मात्र आधी वाटली त्यापेक्षा सोपी निघाली. सांख्यिकी मंत्रालयाच्या जुन्या `mospi.nic.in` पत्त्यावरचे तिचे सगळे दुवे मेलेले होते. पण ज्या अहवालांचे पूर्ण शीर्षक, कार्यालय आणि वर्ष तिने नीट लिहिले होते, ते नव्या संकेतस्थळावर नावाने शोधता आले. जिथे नोंदीत नुसता दुवाच होता, तिथे काहीच हाती लागले नाही. अशा चार नोंदी होत्या. त्यांपैकी तीन जुन्या पत्त्याच्या जतन झालेल्या प्रतींतून सापडल्या. चौथी, एका जिल्हास्तरीय योजनेच्या लाभार्थींच्या संख्येची, कुठेच सापडली नाही. संबंधित कार्यालयाला तिने दोनदा पत्र लिहिले, उत्तर आले नाही, आणि ते वाक्य प्रबंधातून काढले.

पान 94 वरचे वाक्य आता असे आहे: ‘नेहमीच्या स्थितीनुसार 15 वर्षे व त्यावरील महिलांचा श्रमशक्ती सहभाग दर 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता. 2022-23 मध्ये तो 37.0 टक्के झाला.’ दोन आकड्यांपुढे दोन वेगळे कंस आहेत, दोन्हींत तक्त्याचा क्रमांक आणि छापील पान. त्याखालच्या सहा पानांची चार झाली. ‘दुपटीहून अधिक’ कापायला लावले याचे तिला फारसे वाईट वाटले नाही. तिला खंत होती ती वेगळीच. लेखातली ती तळटीप तिने पिवळ्या शाईने नुसती अधोरेखित केलेली होती, न वाचता.